140 टक्के आणि एक डिलिव्हरी चार्ज

शेजारच्या मुलीने रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन परिच्छेद पाठवले. खाली एकच ओळ: "काकू, यातला कोणता ठेवू?" मार्केटिंगमधल्या एका जागेसाठी ती अर्ज करत होती. मी बरीच वर्षं याच क्षेत्रात माणसं निवडायचं काम केलं, हे तिला माहीत होतं. अर्ज इंग्रजीत होता. इथे मराठीत देते.

पहिला परिच्छेद असा: "भाजणी, पिठं आणि मसाले विकणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षं ऑनलाइन विक्रीची जबाबदारी सांभाळली. सोशल मीडिया, ई-मेल आणि जाहिरातींचं नियोजन केलं. ग्राहक पैसे भरायच्या पानावरून परत जातात हे लक्षात आल्यावर डिलिव्हरी चार्ज सुरुवातीलाच दाखवायला सुचवलं आणि 499 रुपयांवरच्या ऑर्डरींना तो माफ करून घेतला. विविध विभागांशी समन्वय साधला."

आणि दुसरा: "भाजणी, पिठं आणि मसाले विकणाऱ्या कंपनीची ऑनलाइन विक्री 3 महिन्यांत 140 टक्क्यांनी वाढवली. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर 300 टक्क्यांनी वाढवले. कंपनीच्या पोस्ट 8 लाख लोकांपर्यंत पोचवल्या."

कुणालाही विचारा, दुसऱ्यावरच बोट ठेवलं जाईल. अर्ज कसा लिहावा हे शिकवणारे सगळे सांगतात की 'जबाबदारी सांभाळली' लिहू नका, आकडे द्या. सल्ला चुकीचा नाही. ढिगातले अर्ज भराभर चाळणाऱ्याची नजर आकड्यावर थांबते हे खरंच आहे. पण त्यानंतर अर्ज मार्केटिंगच्या माणसाच्या हातात जातो, आणि त्याचा दिवस असेच आकडे तपासण्यात जातो. म्हणून मी तिला फोन केला आणि म्हटलं, "140 कुठून आले ते सांग."

तिने सांगितलं. ऑगस्ट 2024मध्ये 520 ऑर्डरी होत्या, ऑक्टोबरमध्ये 1,248 झाल्या. गणित अगदी बरोबर. पण कंपनी विकते काय, तर चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ. ऑक्टोबरमध्ये ते खपणारच. ही मुलगी तीन महिने रजेवर असती तरी खपलं असतं. त्या 140मध्ये दिवाळी किती आणि ती किती, हे वेगळं केल्याशिवाय तो आकडा तिचा म्हणता येत नाही.

मग मागच्या ऑक्टोबरशी तुलना करू, असं ती म्हणाली. ऑक्टोबर 2023मध्ये 780 ऑर्डरी होत्या. म्हणजे वाढ 60 टक्के. हे बरं दिसतं, पण इथेही एक खोच आहे आणि ती कॅलेंडरात लपलेली असते. 2023मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024मध्ये 1 नोव्हेंबरला. म्हणजे 2023ची फराळाची निम्मी खरेदी नोव्हेंबरात गेली आणि 2024ची जवळजवळ सगळी ऑक्टोबरातच झाली. इंग्रजी महिन्यांनी सणाच्या मालाची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत टाकणं. मी तिला दोन्ही वर्षांचे लक्ष्मीपूजनाच्या आधीचे चार आठवडे मोजायला सांगितले. अर्ध्या तासाने आकडे आले: 980 आणि 1,176. वाढ 20 टक्के.

140चे 60 झाले, 60चे 20. बिचारी हिरमुसली. पण 20 टक्के हा आकडा मुलाखतीत कितीही उलटसुलट प्रश्न विचारले तरी उभा राहतो. 140 पहिल्याच "दिवाळी होती ना?"ला कोसळला असता, आणि मग तिच्या बाकीच्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

फॉलोअरांचं फार बोलायला नको. ते 400चे 1,600 झाले होते. मूळ आकडा लहान असला की टक्केवारी फुगते, आणि मूळ आकडा सांगितलेला नसला की वाचणाऱ्याला नेमकी तीच शंका येते. 8 लाख लोकांपर्यंत पोचलेल्या पोस्टमधून किती जणांनी भाजणी घेतली, हे तिला सांगता आलं नाही. तिथेच ते वाक्य संपलं.

आता पहिल्या परिच्छेदाकडे वळू. त्यात चार वाक्यं आहेत आणि तीन टाकाऊ आहेत. 'विविध विभागांशी समन्वय साधला' हे वाक्य तर मी शेकडो अर्जांत वाचलंय आणि त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. पण तिसरं वाक्य बघा. त्यात एक माणूस काहीतरी पाहतो, त्याचं कारण शोधतो आणि एक निर्णय घेतो. लोक कार्ट भरतात, शेवटच्या पानावर अचानक 60 रुपयांचा चार्ज दिसतो आणि ते निघून जातात. बाजारात भाव ठरल्यावर दुकानदाराने पिशवीचे वेगळे पैसे मागितले तर आपणही चिडतोच की! हे तिने हेरलं होतं. फक्त त्या वाक्याला आकडा नव्हता.

आकडा होता, तिने लिहिला नव्हता इतकंच. बदल जुलैमध्ये झाला. जूनमध्ये शंभर भरलेल्या कार्टपैकी 24 ऑर्डरीपर्यंत पोचत होत्या, ऑगस्टमध्ये 31. जाहिरातींचा खर्च दोन्ही महिन्यांत सारखा होता, मोठा सण मध्ये नव्हता. मला हवा होता तो पुरावा हा, कारण हा आकडा तिचा हात जिथे लागला नेमका तिथलाच आहे. एकूण विक्रीवर दिवाळी, पाऊस, बाजारभाव अशा कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो. भरलेली कार्ट पैसे भरण्यापर्यंत पोचते की नाही, यात एवढी सरमिसळ नसते.

या आकड्यालाही मर्यादा आहे. तिने चार्ज आधी दाखवला आणि 499च्या वर माफही केला, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे कशाने किती फरक पडला हे सांगता येत नाही. शिवाय माफ केलेला चार्ज कंपनीच्या खिशातून जातो. नफ्याचं काय झालं, हा प्रश्न येणारच. सुदैवाने तिच्याकडे उत्तर होतं: माफी मिळावी म्हणून लोक एखादं पाकीट जास्त घेऊ लागले आणि सरासरी ऑर्डर 430 रुपयांवरून 510वर गेली. चार्जचा सगळा खर्च त्यातून निघाला नाही, हेही तिने सांगितलं. मुलाखतीत हे असंच सांग, म्हटलं.

तेव्हा निवाडा असा. जसे आले तसे दोनच परिच्छेद समोर असते, तर मी पहिल्या परिच्छेदाच्या मुलीला बोलावलं असतं, तेही एका वाक्यासाठी. पण माझ्याआधी चाळणी लावणाऱ्याने तो अर्ज बाजूला टाकला असता, हेही खरं. म्हणून दोन्ही मोडून तिसरा केला:

"ग्राहक पैसे भरायच्या पानावर डिलिव्हरी चार्ज पाहून परत जातात, हे शोधून काढलं. तो सुरुवातीलाच दाखवणं आणि 499 रुपयांवर माफ करणं सुचवलं. वेबसाइटच्या टीमने ते जुलै 2024मध्ये अमलात आणलं. जाहिरातखर्च तेवढाच असताना पूर्ण होणाऱ्या कार्टचं प्रमाण 24 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर गेलं. दिवाळीआधीच्या चार आठवड्यांतल्या ऑर्डरी आदल्या वर्षीपेक्षा 20 टक्क्यांनी वाढल्या."

शेवटच्या वाक्यात 'वाढवल्या' नाही, 'वाढल्या' आहे. ते मुद्दाम केलं. आणि 'वेबसाइटच्या टीमने' हे शब्द तिला काढायचे होते, मी ठेवायला लावले.

हे सगळं जमलं, कारण ती अजून त्याच नोकरीत होती आणि जुने आकडे तिला पाहता येत होते. तुम्ही काही बदल करणार असाल तर आधीचा आकडा तारखेसह त्याच दिवशी टिपून ठेवा आणि त्यातलं बाहेर काय सांगता येईल हे साहेबांना विचारून घ्या. राजीनामा दिल्यावर लॉग-इन बंद होतं.