तळटीप त्याच पानावर

मराठी वैचारिक किंवा इतिहासविषयक पुस्तकात टिपा तीन ठिकाणी येतात: पानाच्या तळाशी, प्रकरणाच्या शेवटी किंवा थेट पुस्तकाच्या शेवटी. शेवटी टाकलेल्या टिपांमुळे पान लावणाऱ्याचे काम हलके होते, पण वाचकाला दोन ठिकाणी बोटे घालून वाचावे लागते आणि थोड्याच वेळात तो टिपा बघणे सोडून देतो. फक्त संदर्भग्रंथाचे नाव व पृष्ठांक देणारी टीप मागे गेली तरी फारसे बिघडत नाही. जिच्यात एखाद्या शब्दाचा अर्थ, कागदपत्रातील विसंगती किंवा दुसऱ्या अभ्यासकाचे मत आहे, ती टीप मात्र वाक्य वाचतानाच दिसायला हवी. अशा टिपांची जागा त्याच पानाच्या तळाशी असते.

देवनागरीत हे काम जुनेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर श्लोक आणि खाली त्याच श्लोकांचे पाठभेद लहान टाइपात दिले आहेत. काही पानांवर श्लोक थोडे आणि खालचा मजकूरच जास्त, अशी स्थिती आहे. तरीही श्लोक आणि त्याचे पाठभेद एकमेकांजवळ ठेवले आहेत, कारण ते दूर नेले तर पडताळून पाहण्याची सोयच संपते. आजच्या पुस्तकाला एवढा भार पेलायचा नसतो, पण अडचण त्याच जातीची असते.

ही अडचण अक्षराच्या आकारापासून सुरू होते. देवनागरी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे सांभाळावी लागतात. फॉन्टच्या ठरलेल्या उंचीतच हे सारे बसवायचे असल्याने मधल्या मूळ अक्षराला जागा कमी उरते. त्यामुळे रोमन लिपीत ९ पॉइंटची टीप सहज वाचता येते, पण ९ पॉइंटची मराठी टीप डोळ्यांना त्याहून बरीच लहान भासते. छापताना शाई कागदावर किंचित पसरते आणि लहान आकारात ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतला फरक पुसट होतो. ऱ्हस्व आणि दीर्घ उकारही सारखेच दिसू लागतात. टिपेत विशेषनामे, ग्रंथनामे आणि जुने शब्द जास्त असतात. तिथे वाचक अंदाजाने शब्द ओळखू शकत नाही, त्याला प्रत्येक अक्षर दिसावे लागते. मूळ मजकूर १३ पॉइंट असेल तर टीप साधारण साडेदहा पॉइंटची ठेवावी. एक फॉन्ट दुसऱ्यापेक्षा त्याच पॉइंटला लहान दिसतो, म्हणून अंतिम आकार छापून पाहूनच ठरवणे बरे. दोन ओळींमधले अंतरही ओढून कमी करू नये, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो.

आकार एकदा ठरला की खरी कसरत पानावर होते. एक पान प्रत्यक्ष लावून पाहिले की ती कळते. पुस्तक डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच आहे असे धरू. मजकूर १३ पॉइंटमध्ये आहे आणि एका ओळीला १७ पॉइंट जागा लागते. पानावर २७ ओळी बसतात, म्हणजे मजकुराची उंची ४५९ पॉइंट, सुमारे ६.४ इंच. टिपा साडेदहा पॉइंटच्या आहेत आणि त्यांच्या एका ओळीला साडेतेरा पॉइंट लागतात. मजकूर आणि पहिली टीप यांच्यामध्ये बारीक रेघेसाठी किमान १० पॉइंट मोकळे हवेत.

या पानाच्या पाचव्या ओळीत पहिल्या टिपेचा आकडा आहे आणि ती टीप दोन ओळींची आहे. बाराव्या ओळीतली टीप चार ओळींची, तर विसाव्या ओळीतली तीन ओळींची आहे. एकूण टिपा नऊ ओळींच्या, म्हणजे साडे एकशे एकवीस पॉइंट. ४५९ मधून ते वजा केले की ३३७.५ उरतात आणि त्यात मजकुराच्या १९ ओळीच बसतात. तिसऱ्या टिपेचा आकडा तर विसाव्या ओळीत आहे. ही ओळ पुढच्या पानावर ढकलली तर तिची टीपही तिच्याबरोबर जाते. मग या पानावर टिपांच्या सहाच ओळी राहतात आणि मजकुराच्या २१ ओळींना जागा होते, पण विसावी ओळ परत आणली की टीप परत येते आणि जागा पुन्हा कमी पडते. म्हणून पान १९ ओळींवरच थांबते आणि मध्ये दोन ओळींची पोकळी राहते. पान लावणाऱ्याच्या हातून चूक झालेली नसते. ओळ आणि टीप एकमेकांना बांधलेल्या असल्यामुळे हा पेच पडतो.

या पेचातून सुटण्याचा सर्वात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे त्या पानावरच्या टिपांचा आकार ९ पॉइंट करणे. तोच सर्वात वाईट आहे. एका पानावर टिपा बारीक आणि पुढच्या पानावर मोठ्या असल्या की पुस्तक उघडताक्षणी ते खटकते. ते टाळायला सगळ्याच टिपा बारीक केल्या, तर एका पानाची अडचण सोडवण्यासाठी पुस्तकभर वाचकाचे डोळे शिणतात.

दुसरा मार्ग टीप तोडण्याचा. विसावी ओळ पानावर ठेवली तर ३४० पॉइंट खर्च होतात. उरलेल्या ११९ मध्ये रेघेची जागा सोडून टिपांच्या आठ ओळी बसतात, म्हणजे तिसऱ्या टिपेच्या दोन ओळी इथे आणि एक ओळ पुढच्या पानाच्या तळाशी. दहा-बारा ओळींची टीप असेल तर ती अशी विभागणे रास्त आहे, मात्र दोन्ही पानांवर तिच्या किमान दोन-दोन ओळी याव्यात. तीन ओळींच्या टिपेची एकटी ओळ मागे सोडणे मात्र बरे दिसत नाही. वाचक पुढच्या पानावर गेल्यावर त्या ओळीचा आगापिछा त्याला लागत नाही.

तिसरा मार्ग संपादकाचा आहे आणि बहुतेक वेळा तोच उपयोगी पडतो. नऊपैकी फक्त एक ओळ कमी झाली की टिपा १०८ पॉइंटच्या होतात, मजकुराच्या २० ओळी ३४० घेतात आणि मध्ये नेमके ११ पॉइंट उरतात. पान जुळले. ही एक ओळ शोधणे कठीण नसते. कुठल्यातरी टिपेची शेवटची ओळ दोन-तीन शब्दांचीच असते. ‘हा दस्तऐवज मूळ मोडी लिपीत असून त्याचे देवनागरी लिप्यंतर प्रस्तुत लेखकाने केलेले आहे’ या वाक्याऐवजी ‘मूळ दस्तऐवज मोडीत, लिप्यंतर लेखकाचे’ एवढे लिहिले तरी अर्थ तोच राहतो. लगेचच्या आधीच्या टिपेतला ग्रंथ पुन्हा आला असेल तर ‘तत्रैव’ पुरते. अशी काटछाट लेखकाला दाखवूनच करावी, कारण टिपेतला एखादा शब्द त्याने मुद्दाम ठेवलेला असू शकतो. छाटण्याजोगे काहीच नसेल तर समोरासमोरची दोन्ही पाने एकेक ओळ कमी ठेवतात किंवा आधीच्या परिच्छेदातली जेमतेम भरलेली शेवटची ओळ वर ओढून घेतात.

हे सगळे संगणकावर साधायचे तर टीप ही आकड्याला खरोखर जोडलेली असावी लागते. पूर्वी पेजमेकरमध्ये आपोआप तळटीप लावण्याची सोय नव्हती. प्रत्येक टीप वेगळ्या चौकटीत हाताने ठेवावी लागे. मुद्रितशोधनात चार ओळी वाढल्या की आकडा पुढच्या पानावर सरके आणि टीप जुन्याच पानावर राही. आजही लेखकाने वर्डमध्ये वाक्यापुढे हाताने आकडा टाइप करून टिपा प्रकरणाखाली लिहिल्या असतील, तर तीच वेळ येते. टीप `Insert Footnote` वापरून घातली असेल तरच ती इनडिझाइनमध्ये आकड्यासह येते. तिथे `Document Footnote Options` या खिडकीत रेघेवरची किमान जागा, दोन टिपांमधले अंतर आणि `Allow Split Footnotes` ही टीप तोडू देण्याची परवानगी ठरवता येते.

इथे एक चूक वारंवार होते. मूळ मजकुराला भारतीय लिपी नीट जुळवणारा `Adobe World-Ready Paragraph Composer` लावलेला असतो, पण टिपांची परिच्छेदशैली वेगळी असल्याने ती तशीच राहून जाते. मग वर सगळे व्यवस्थित आणि खाली टिपेत मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेली, जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडलेली. बारीक अक्षरात हे पटकन नजरेत येत नाही. ‘स्थिती’, ‘लिप्यंतर’, ‘विशिष्ट’ असे शब्द टिपांमध्ये मुद्दाम शोधून पाहिले की लगेच कळते.

आकड्याकडेही लक्ष द्यावे लागते. युनिकोडमध्ये वर चढवलेले रोमन आकडे तयार मिळतात, पण टिपांसाठी वापरता येतील असे देवनागरी आकडे तसे नाहीत. ते नेहमीचेच आकडे लहान करून वर उचलावे लागतात. इनडिझाइन मुळात असा आकडा मजकुराच्या ५८.३ टक्के करते. १३ पॉइंटला तो साडेसात पॉइंटच्या आसपास येतो आणि ‘१’ व ‘९’ ओळखताना नजर अडखळते. ६५ ते ७० टक्के ठेवला तर बरा दिसतो. ‘होती’ किंवा ‘केली’ अशा शब्दानंतर तो वेलांटीला चिकटू नये म्हणून मध्ये केसभर जागा सोडावी. सनावळीला लागून तर टिपेचा आकडा येऊच देऊ नये. ‘१८१८’ च्या डोक्यावर ‘३’ आला की तो सनाचाच भाग वाटतो. असा आकडा वाक्याच्या पूर्णविरामानंतर नेला की प्रश्न मिटतो.

टिपांची अखेरची तपासणी पडद्यावर होत नाही. पडद्यावर पान मोठे करूनच पाहिले जाते आणि साडेसात पॉइंटही मोठाच वाटतो. चार-पाच अवघड पाने निवडून ती शंभर टक्के आकारात, `Fit` हा पर्याय बंद ठेवून छापावीत, डेमी आकाराला कापावीत आणि नेहमीच्या दिव्याखाली हातभर अंतरावर धरून वाचावीत. शक्य असल्यास चष्मा लावणाऱ्या एखाद्या वाचकालाही ती द्यावीत. त्यानंतर प्रत्येक पानावरचे आकडे आणि खालच्या टिपा एकास एक ताडून पाहाव्यात. एकही दुरुस्ती झाली की त्या प्रकरणाची पुढची सगळी पाने पुन्हा बघावी लागतात, आणि शब्दसूचीचे पृष्ठांक त्यानंतरच भरायचे असतात.