मागणीचे गोदाम-निर्धारण

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाने नोंदवलेली मागणी कोणत्या गोदामातून पाठवायची हे ठरवण्याच्या प्रक्रियेस मागणीचे गोदाम-निर्धारण किंवा व्यावसायिक भाषेत ऑर्डर राउटिंग असे म्हणतात. विक्रेत्याची गोदामे एकाहून अधिक असतील तरच हा प्रश्न उद्भवतो. त्याचा सर्वांत प्रचलित नियम असा आहे : मागणीतील प्रत्येक वस्तू हव्या तेवढ्या संख्येने ज्या गोदामांत उपलब्ध आहे, त्यांपैकी ग्राहकाला सर्वांत जवळचे गोदाम निवडावे. सर्व वस्तू एकाच पार्सलात जाव्यात आणि ते पार्सल कमीत कमी अंतर चालावे, असे दोन्ही हेतू या नियमामागे आहेत.

नियमात दोन अटी आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ‘सर्व वस्तू असणे’ ही चाळणी आहे, तर ‘जवळ असणे’ ही चाळणीतून उरलेल्या गोदामांची क्रमवारी लावण्याची कसोटी आहे. आधी जवळचे गोदाम धरून मग त्यात माल आहे का हे पाहणारी रचना वरवर तशीच भासते. परंतु तेथे माल नसल्यास पुढे काय करायचे, याचे उत्तर तिच्यात नसते.

## एक उदाहरण

घरगुती भांडी विकणाऱ्या एका कल्पित विक्रेत्याची भिवंडी, चाकण व नागपूर येथे गोदामे आहेत असे मानू. साताऱ्याच्या ग्राहकाने १ कुकर, ४ डबे आणि १ पोळपाट अशी मागणी नोंदवली. त्या क्षणी नोंदवहीतील स्थिती पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक रकान्यात आधी गोदामातील प्रत्यक्ष नग आणि नंतर आधीच्या मागण्यांसाठी राखून ठेवलेले नग दिले आहेत.

| गोदाम | साताऱ्यापासून सरळ अंतर | कुकर | डबे | पोळपाट |
|---|---|---|---|---|
| चाकण | सुमारे १२० कि.मी. | ५ / ० | ६ / ३ | ९ / ० |
| भिवंडी | सुमारे २०५ कि.मी. | २ / १ | ४० / १० | ३ / ० |
| नागपूर | सुमारे ६६० कि.मी. | १२ / ० | २५ / ० | ७ / ० |

चाकण सर्वांत जवळ आहे आणि तेथे सहा डबे फळीवर दिसतातही. पण त्यांतील तीन दुसऱ्या ग्राहकांचे झालेले आहेत. ते अजून गोदामाबाहेर पडलेले नाहीत एवढेच. म्हणून उपलब्ध डबे तीनच उरतात आणि एका डब्यापायी चाकण बाद होते. भिवंडीत एक कुकर, तीस डबे व तीन पोळपाट उपलब्ध आहेत. नागपूरही चाळणीतून पार होते, पण ते तिपटीहून अधिक दूर आहे. निवड भिवंडीची होते.

प्रत्यक्ष साठा आणि उपलब्ध साठा यांतील हा भेद विसरला गेला, तर संगणक चाकणची निवड करील आणि चूक तात्काळ लक्षात येणार नाही. पैसे जमा होतील, ग्राहकाला पोचपावती जाईल, आणि माल काढणारा कामगार फळीपाशी पोहोचल्यावर डबे कमी पडतील. कमी पडलेला तो डबा या साताऱ्याच्या ग्राहकाचाच असेल असेही नाही. ज्याची मागणी आधीची, पण माल काढण्याची पाळी नंतरची, त्याच्या वाट्याला उणीव येऊ शकते.

## चाळणीची मांडणी

संबंधात्मक विदागारात ‘यादीतील प्रत्येक वस्तूसाठी अट पूर्ण करणारी गोदामे’ शोधणे हा एडगर कॉड यांच्या संबंधात्मक बीजगणितातील ‘भागाकार’ या क्रियेचा उपयोग होय. एसक्यूएल भाषेत भागाकारासाठी स्वतंत्र शब्द नाही. म्हणून तो मोजणीने साधला जातो. मागणीतील ज्या ओळी गोदाम पुरवू शकते त्या मोजायच्या आणि ही संख्या मागणीतील एकूण ओळींएवढी आहे का, हे पाहायचे.

```sql
SELECT s.warehouse_id
FROM stock s
JOIN order_items o ON o.item_id = s.item_id
WHERE o.order_id = 501
  AND s.on_hand - s.reserved >= o.qty
GROUP BY s.warehouse_id
HAVING COUNT(*) = (SELECT COUNT(*) FROM order_items
                   WHERE order_id = 501);
```

वरील उदाहरणात मागणीच्या तीन ओळी आहेत. चाकण दोन ओळी पुरवते, भिवंडी व नागपूर तीनही. म्हणून उत्तरात शेवटची दोनच येतात.

या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे : मागणीत प्रत्येक वस्तूची एकच ओळ असावी. ग्राहकाने दोन डबे टोपलीत टाकले, थोड्या वेळाने पुन्हा दोन टाकले आणि संकेतस्थळाने त्यांच्या दोन ओळी ठेवल्या, तर प्रत्येक ओळीची अट स्वतंत्रपणे तपासली जाते. चाकणचे तीन उपलब्ध डबे दोनाच्या अटीला दोन्ही वेळा पुरतात, ओळींची मोजणी चारास चार जुळते आणि बाद व्हायला हवे असलेले चाकण निवडले जाते. तेच तीन डबे येथे दोनदा मोजले गेले. उपाय सोपा आहे : चाळणीपूर्वी एकाच वस्तूच्या ओळींची बेरीज करून घ्यावी. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, कारण चाचणी करणारा क्वचितच तीच वस्तू दोनदा घेतो; खरा ग्राहक मात्र घेतो.

## शेवटचा नग

निवड करणे आणि माल राखून ठेवणे या दोहोंच्या मध्ये थोडा का होईना वेळ जातो. भिवंडीत उपलब्ध कुकर एकच आहे. साताऱ्याच्या मागणीसाठी भिवंडी ठरत असतानाच पनवेलच्या ग्राहकाने एक कुकर मागितला, तर दोन्ही मागण्यांना तो एकच कुकर उपलब्ध दिसतो. दोघांनाही होकार गेला की एकाची मागणी पुढे रद्द करावी लागते. सणासुदीच्या विक्रीत हा प्रकार विशेष घडतो, कारण एकाच वस्तूवर एकाच वेळी अनेकांची उडी पडते.

यासाठी राखून ठेवण्याच्या आज्ञेतच अट पुन्हा तपासली जाते :

```sql
UPDATE stock SET reserved = reserved + 1
WHERE warehouse_id = 'BHW' AND item_id = 'COOKER'
  AND on_hand - reserved >= 1;
```

आज्ञेने एक ओळ बदलली तर कुकर मिळाला. शून्य ओळी बदलल्या तर तो दुसऱ्याने नेला. तिन्ही वस्तूंचे आरक्षण एकाच व्यवहारात केले जाते, म्हणजे एकतर सर्व वस्तू राखीव होतात किंवा एकही होत नाही. कुकर हुकला आणि डबे मात्र राखीव राहिले, तर ते कोणाच्याच उपयोगी न पडता अडकून बसतात. कालांतराने साठा भरपूर दिसूनही मागण्या दूरच्या गोदामांकडे वळू लागतात. राखीव नगांची बेरीज प्रलंबित मागण्यांतील नगांशी ताडून पाहिली की हा दोष उघड होतो. आरक्षण फसल्यावर शोध पुन्हा पहिल्यापासून होतो आणि आपल्या उदाहरणात मागणी नागपूरला जाते.

## ‘जवळचे’ म्हणजे काय

भारतात ग्राहकाचे स्थान प्रथमतः पिनकोडवरून ओळखले जाते. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक होत. पिनकोड टपाल वाटण्याच्या सोयीने रचलेले आहेत, अंतर मोजण्यासाठी नव्हे. रायगड जिल्ह्यातील अनेक पिनकोड ४०२ ने आणि गोव्यातील ४०३ ने सुरू होतात. परंतु या दोहोंच्या मध्ये ४१५ चा रत्नागिरी आणि ४१६ चा सिंधुदुर्ग असे दोन जिल्हे आहेत. उलट घाटमाथ्यापलीकडचा सातारा आणि कोकणातील चिपळूण हे दोन्ही ४१५ मध्येच मोडतात. म्हणून पिनकोडांच्या वजाबाकीवरून जवळिकी ठरवणे फसवे ठरते. प्रत्येक पिनकोडचे अक्षांश-रेखांश एका तक्त्यात ठेवून त्यावरून अंतर काढले जाते.

अक्षांश-रेखांशांवरून मिळते ते पृथ्वीच्या पृष्ठावरील सरळ अंतर. चिपळूण हे चाकणपासून सुमारे १४० आणि भिवंडीपासून सुमारे २०० कि.मी. आहे, म्हणून गणित चाकणच्या बाजूने कौल देते. पण चाकणची मालमोटार सह्याद्री ओलांडून कुंभार्लीसारख्या घाटातून खाली उतरते, तर भिवंडीची मुंबई–गोवा महामार्गाने कोकणातूनच येते. रस्त्याने पाहता त्या साठ कि.मी.चा फायदा बहुतांशी उरत नाही. सपाट प्रदेशात सरळ अंतर पुरेसे आहे. महाराष्ट्राच्या पश्चिम भागात ते एकट्याने वापरणे योग्य नाही. म्हणून अनेक विक्रेते कुरिअर कंपनीने दिलेला तक्ता वापरतात. त्यात गोदाम व पिनकोड यांच्या प्रत्येक जोडीसाठी लागणारे दिवस आणि दर असतात. ‘जवळचे’ याचा अर्थ तेथे ‘लवकर व स्वस्तात पोहोचणारे’ असा होतो. ग्राहकाला हवे असते तेही हेच.

## नियमाच्या मर्यादा

एक दुर्मीळ वस्तू संपूर्ण मागणीला दूर ओढून नेऊ शकते. कुकर हुकल्यावर साताऱ्याची मागणी नागपूरला गेली, ती एका कुकरसाठी. त्याच्याबरोबर डबे आणि पोळपाटही विदर्भातून निघतील. चाकणमधून कुकर व पोळपाट आणि भिवंडीतून डबे असे दोन पार्सलांत पाठवल्यास माल बहुधा लवकर पोहोचेल, पण भाडे व वेष्टन दोनदा लागेल. म्हणून व्यवहारात नियमाला मर्यादा जोडतात : एकाच पार्सलाचा खर्च किंवा विलंब ठरावीक पातळीच्या वर गेला, अथवा एकही गोदाम सर्व वस्तू पुरवू शकत नसेल, तर गोदामांच्या जोड्या तपासल्या जातात आणि गरज पडल्यास तीन-तीन. कमीत कमी गोदामांत मागणी बसवण्याचा हा प्रश्न गणितातील संच-आच्छादनाचा प्रश्न आहे. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवलेल्या २१ अवघड प्रश्नांत त्याचा समावेश होतो. मात्र घरगुती मागणीत वस्तू मोजक्याच असल्याने ही अडचण प्रत्यक्षात फारशी जाणवत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, हा नियम त्या क्षणापुरताच पाहतो. भिवंडीतील शेवटचा कुकर साताऱ्याला दिल्यावर पुढच्या तासात मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्या कुकरच्या मागण्या दूरच्या गोदामांतून भागवाव्या लागतात. झू, ऑलगोर व ग्रेव्ह्ज यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावरचा एक मार्ग तपासला आहे. मागणी नोंदवली जाणे आणि माल फळीवरून काढला जाणे यांत काही अवधी असतो. तोवर जमलेल्या सर्व मागण्यांचा एकत्र पुनर्विचार करून गोदामे अदलाबदल केल्यास एकूण पार्सलांची संख्या घटते. अदलाबदल करताना ग्राहकाला दिलेली पोहोचण्याची तारीख मोडता येत नाही, आणि कामगाराच्या हाती माल काढण्याची यादी गेली की त्या मागणीचे गोदाम कायम होते.