मातीच्या चुलीवर स्पॅनिश शेंगा

समजा, स्पॅनिशच्या वर्गात तुम्हाला भाषांतराला एक प्रसंग दिलाय. नुकतं लग्न झालेली भाची सासरचं भांडण सांगता सांगता रडायला लागते. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, ‘‘अगं, घरोघरी मातीच्या चुली!’’ आता या म्हणीचं स्पॅनिश करा बघू.

पहिला मोह शब्दाला शब्द ठेवण्याचा. ‘एन कादा कासा आय फोगोनेस दे बार्रो’, म्हणजे प्रत्येक घरात मातीच्या चुली आहेत. व्याकरण बरोबर, पण माद्रिदच्या वाचकाला वाटेल की मावशी गावातली स्वयंपाकघरं मोजतेय. रडणाऱ्या मुलीला हे आत्ता कशाला, हे त्याला कळणारच नाही.

मग आपण शोधायला लागतो की घरातल्या भांडणावर स्पॅनिशमध्ये काय म्हण आहे. लगेच एक सापडते: ‘लोस त्रापोस सुसिओस से लावान एन कासा’. मळके कपडे घरातच धुवावेत. विषय तोच, घरही आलं. पण इथेच गडबड होते. ही म्हण सांगते की घरातलं बाहेर बोलू नकोस. म्हणजे आपली मावशी भाचीला धीर द्यायच्या ऐवजी तिचं तोंड बंद करतेय! एका ओळीत अख्खी मावशी बदलली.

म्हणून विषय बघून म्हण निवडायची नाही. आधी स्वतःला विचारायचं: ही म्हण कोण, कोणाला, कशासाठी म्हणतंय? मावशीला म्हणायचंय, ‘असं सगळीकडेच असतं, तू एकटी नाहीस.’ हे काम करणारी स्पॅनिश म्हण आहे ‘एन तोदास पार्तेस क्वेसेन आबास’. सगळीकडे आबास शिजतात. ‘आबास’ म्हणजे आपल्या वाल-पावट्याच्या जातीचा, जाड दाण्यांचा शेंगवर्ग. चूल गेली, पण चुलीवरचं भांडं राहिलं. स्वयंपाकघर सुटलं नाही, हे आपलं नशीब.

अर्थ जमला. आता सूर. ही स्पॅनिश म्हण पुष्कळदा टोला म्हणूनही वापरतात. कोणी आपल्या गावाला नावं ठेवली की ‘तुमच्याकडे काय वेगळं आहे?’ या चालीवर. नुसती ठेवली तर मावशी जरा कोरडी वाटेल. मराठीत सगळी माया त्या ‘अगं’मध्ये आहे, आणि आपण तोच गाळला होता! स्पॅनिशमध्ये मोठी बाई धाकटीला ‘ईखा’ म्हणते, म्हणजे ‘पोरी’. तेव्हा ‘आय, ईखा, एन तोदास पार्तेस क्वेसेन आबास.’ आता मावशी मावशीसारखी बोलली.

उलटंही होतं. ‘अतिपरिचयात् अवज्ञा’ला अर्थाने जवळची म्हण आहे ‘ला कॉन्फिआन्सा दा आस्को’. शब्दशः, सलगीची किळस येते. पण मित्राने न विचारता तुमच्या ताटातला वडा उचलला की हसत हसत म्हणायची ही ओळ. आपल्या संस्कृत वचनाचा भारदस्तपणा तिच्यात नाही. एखादे प्राचार्य भाषणात ते वचन म्हणत असतील आणि तुम्ही ही म्हण त्यांच्या तोंडी घातली, तर सभागृह हसेल. तिथे म्हणीचा हट्ट सोडून गंभीर, साधं वाक्य लिहिलेलं बरं.

हे तपासायला इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेसचा ‘रेफ्रानेरो मुल्तिलिंग्वे’ हा ऑनलाइन म्हणसंग्रह उघडा. तिथे म्हणीचा अर्थ तर असतोच, शिवाय ती आज किती वापरात आहे याचीही नोंद असते. आजच्या कॉलेजमधल्या पोराच्या तोंडी मागे पडलेली म्हण दिली, तर तो एकदम आजोबा वाटेल.

एक मर्यादा मात्र राहतेच. पुढच्या परिच्छेदात मावशीने खरोखर समोरच्या चुलीकडे बोट दाखवलं तर? तिथे शेंगा चालणार नाहीत. मग चूलच ठेवायची, आणि म्हणीआधी मावशीच्या तोंडी छोटंसं ‘आपल्याकडे म्हणतात ना’ घालायचं. म्हण परकी दिसेल, पण ही म्हण आहे आणि ती धीर देतेय, एवढं वाचकाला समजेल.

शेवटी भाषांतर पूर्ण झालं की मराठी बाजूला ठेवा आणि फक्त स्पॅनिश संवाद मोठ्याने वाचा. पुढच्या ओळीत भाची डोळे पुसते. तुमची म्हण ऐकून तिने डोळे पुसले असते, की ती उठून आत निघून गेली असती? उत्तर दुसरं असेल, तर म्हण बदला.