ठेव कोणाच्या हाती, आणि कोणाची?

आमच्या अडत दुकानांत एक गोष्ट नित्य घडते. खेड्यावरून मालाची गाडी येते, माल अडत्याच्या वखारीत उतरतो, पावतीवर अडत्याची सही होते. म्हणून तो माल अडत्याचा झाला, असे आपल्यापैकी कोणी मानीत नाही. माल शेतकऱ्याचाच असतो. अडत्याने तो स्वीकारलेला असतो, एवढेच. व्यवहारातील हा साधा भेद आपण बाजारात कधी विसरत नाही. परंतु बँकेच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव घालताना मात्र तो हटकून विसरतो. नाव घातले म्हणजे रक्कम त्याची झाली, ही समजूत अनेक कुटुंबांत दृढ आहे. ती बहुतांश चुकीची असून तिच्यापायी भावाभावांत आणि मायलेकरांत वितुष्ट येते. म्हणून या अंकात त्याविषयी विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

खातेदाराच्या मृत्यूनंतर बँकेपुढे पहिला प्रश्न येतो तो पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे हा. नॉमिनीचे नाव असले की बँक त्याला पैसे देते आणि आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. वारस कोण, कोणाचा वाटा किती, हे ठरविणे बँकेचे काम नव्हे. पैसे नॉमिनीच्या हाती येतात ते विश्वस्त म्हणून. त्यांचे धनी मृत्युपत्रात लिहिलेले लोक, आणि मृत्युपत्र नसेल तर कायद्याने ठरलेले वारस. बँकेतील ठेवीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हेच सांगितले. शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्या बाबतीत काही काळ उलटसुलट निर्णय झाले होते. परंतु डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही वाद मिटविला. तेथेही नॉमिनी हा मालक होत नाही.

आता उदाहरणादाखल एक घर घेऊ. बेळगावच्या एका कापड व्यापाऱ्याला आपण अण्णा म्हणू. घरात पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित कन्या आणि वृद्ध आई. धाकटा भाऊ शेजारीच वेगळा राहणारा. अण्णांची स्वकष्टार्जित बचत तीस लाखांची. त्यांपैकी बारा लाखांची मुदत ठेव. ती पत्नीच्या म्हातारपणासाठी, असे ते घरात नेहमी बोलत. परंतु पत्नीला बँकेत जाण्याची सवय नाही म्हणून नॉमिनी थोरल्या मुलाला केलेले. नऊ लाखांचे शेअर कन्येसाठी मनात धरलेले. पण ते खाते लग्नापूर्वी उघडलेले, तेव्हाचा नॉमिनी धाकटा भाऊ, आणि ते नाव बदलावयाचे राहून गेलेले. लग्न झाले म्हणून किंवा मूल झाले म्हणून जुने नाव आपोआप बदलत नाही, हे अण्णांच्या ध्यानी आले नाही. उरलेले नऊ लाख बचत खात्यात, दोघा मुलांना निम्मे-निम्मे द्यावयाचे. तेथे नॉमिनी पत्नी. मृत्युपत्र मात्र केलेले नाही.

अण्णा गेल्यानंतर प्रत्येक संस्थेने आपल्या कागदाप्रमाणे चोख काम केले. बारा लाख थोरल्याच्या खात्यात गेले, नऊ लाखांचे शेअर काकांच्या नावे चढले, नऊ लाख आईच्या हाती आले. प्रत्येकाला वाटले, अण्णांनी हे आपल्यालाच दिले. कोणाच्याही मनात पाप नव्हते. परंतु तिघांचीही समजूत चुकीची होती.

कायद्याचा हिशेब असा. 1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. त्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस येथे पाच : पत्नी, दोन मुलगे, कन्या आणि आई. प्रत्येकाचा वाटा सारखा, म्हणजे तीस लाखांपैकी सहा-सहा लाख. भाऊ या वर्गात येतच नाही. म्हणजे काकांच्या हाती नऊ लाखांचे शेअर असले, तरी त्यांतील एक रुपयाही त्यांचा नाही. थोरल्याच्या हाती बारा असले, तरी त्याचे सहाच. आणि जिच्यासाठी बारा लाख राखून ठेवले होते, त्या पत्नीला मिळावयाचे तेही सहाच. कन्येला नऊऐवजी सहा, आणि मुलांना प्रत्येकी साडेचारऐवजी सहा. अण्णांचा एकही मनोदय पुरा झाला नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आईचे सहा लाख पुढे तिच्या पश्चात तिच्या वारसांकडे जातील. तिनेही मृत्युपत्र केले नाही, तर निम्मे, म्हणजे तीन लाख, धाकट्या मुलाला आणि उरलेले निम्मे अण्णांच्या तिन्ही मुलांना मिळतील. सुनेचा त्यात वाटा नाही. अण्णांच्या पत्नीने सासूची सेवा अखेरपर्यंत केली, तरी या रकमेतून तिला काही मिळणार नाही.

नॉमिनीने वारसांचे पैसे दिले नाहीत तर वारसांची दाद बँकेकडे नव्हे, नॉमिनीवर दिवाणी न्यायालयात. तोवर पैसे धंद्यात गुंतले, तर ते परत काढणे किती कष्टाचे, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

मग नॉमिनी नेमूच नये काय? तसे मुळीच नाही. नॉमिनी नसेल तर बँक वारसांचे कागद, हमीपत्रे, आणि रक्कम मोठी वा वाद असला तर न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्रही मागते, आणि घरखर्चाचे पैसे अडकून पडतात. नॉमिनी अवश्य असावा. मात्र जिला द्यावयाचे तीच व्यक्ती नॉमिनी असावी, आणि तीच मृत्युपत्रात लिहिलेली असावी. दोन्ही कागदांवर एकच नाव आले की तंट्याला जागा फारशी उरत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी नेमता येतात. ते एकाच वेळी नेमले तर प्रत्येकाचा शेकडा हिस्सा लिहावा लागतो आणि त्यांची बेरीज शंभर झाली पाहिजे. क्रमाने नेमले तर पहिला हयात नसेल तेव्हाच दुसऱ्याची पाळी येते. लॉकरला मात्र क्रमानेच नेमावे लागतात. खाते दोघांच्या नावे असेल तर दोघांच्याही पश्चातच नॉमिनीचा प्रश्न येतो.

आयुर्विम्याची गोष्ट थोडी निराळी आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीने, विमा उतरविणाऱ्याने आपले आईवडील, पती वा पत्नी, किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर त्यांना रकमेच्या लाभाचा हक्क दिला आहे. म्हणून विम्यावरचे नाव तर अधिकच विचाराने घालावे, आणि मृत्युपत्रात त्याच्या विरुद्ध काही लिहू नये.

आता मृत्युपत्राकडे वळू. त्याला मुद्रांक लागत नाही; साध्या कागदावर, मराठीत, स्वहस्ते लिहिलेलेही चालते. नोंदणी सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदविल्यास सही खोटी असल्याचा आरोप टिकणे कठीण होते. आवश्यक काय, तर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपली आहे असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि साक्षीदाराने स्वतःची सही करणाऱ्याच्या समक्ष करावी. कागद घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या, तर मृत्युपत्र तेथेच दुबळे होते. न्यायालयात ते शाबीत करावयाचे झाल्यास हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला बोलवावे लागते. म्हणून साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, गावातले, आणि ज्यांना त्या मृत्युपत्राने काही मिळावयाचे नाही असे निवडावेत. वय झालेले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडणे हिताचे.

अण्णांनी पुढील चार ओळी लिहिल्या असत्या तर पुरे होते :

“मी स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करीत असून यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द करतो. माझ्या नावावरील सर्व बँकांतील मुदत ठेवी माझ्या पत्नीस, सर्व शेअर व फंड माझ्या कन्येस, आणि बचत खात्यांतील रक्कम दोघा मुलांस समान द्यावी. यांपैकी कोणी माझ्या आधी निवर्तल्यास त्याचा भाग त्याच्या मुलांना, आणि पत्नी आधी निवर्तल्यास तिचा भाग माझ्या तिन्ही मुलांना समान जावा. येथे न लिहिलेली माझी सर्व मिळकत माझ्या पत्नीची. याची अंमलबजावणी माझा धाकटा भाऊ करील.”

खाली स्थळ, दिनांक, सही आणि दोन साक्षीदारांची नावे, पत्ते व सह्या. व्यक्तींची पूर्ण नावे अर्थातच घालावीत. यात ठेवीचा क्रमांक मुद्दामच लिहिलेला नाही. ठेवीची मुदत संपून ती नव्याने ठेवली की क्रमांक बदलतो, आणि मग लिहिलेली ठेव हीच की दुसरी, असा वाद उपस्थित होतो. आईची तरतूद करावयाची असेल तर तीही स्पष्ट लिहावी. न लिहिलेल्या मिळकतीचे वाक्य कधीही गाळू नये. पुढे घेतलेली बचत त्यातच सामावते. धर्मादायाला रक्कम ठेवावयाची असेल तर संस्थेचे नोंदलेले पूर्ण नाव लिहावे.

मृत्युपत्राने आपले तेवढेच देता येते. एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर त्यातील स्वतःचा हिस्सा, भागीदारीच्या पेढीत असेल तर स्वतःच्या भागाचे येणे, त्यापलीकडे नाही. ज्या सभासदांना गोव्याचा वारसा कायदा लागू आहे, त्यांच्यासाठी नियमही वेगळे आहेत. तेथे मिळकतीचा निम्मा भाग ठराविक वारसांसाठी राखून ठेवावा लागतो आणि पती-पत्नींच्या समाईक मिळकतीचाही विचार होतो. त्यांनी तेथील वकिलांच्या सल्ल्यानेच लिहावे.

मूळ मृत्युपत्र स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडण्यासाठी कागद हवेत आणि कागद लॉकरात, अशी अडचण होते. ते अंमलबजावणी करणाऱ्याच्या माहितीतील जागी असावे. दर दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी आपण जुनी खाती मिटवून नवी उघडतो. त्याच दिवशी प्रत्येक ठेवीच्या पावतीवरील नॉमिनीचे नाव वाचावे, आणि ते मृत्युपत्राशी ताडून पाहावे. न जुळणारे नाव आढळले तर त्याच आठवड्यात बँकेत अर्ज द्यावा. अण्णांच्या घरी एवढेच राहून गेले होते.