डबा उघडल्यापासून पहिल्या अपडेटपर्यंत

नवा फोन हातात आला की घरातली ज्येष्ठ मंडळी हल्ली पहिल्यांदा व्हॉट्सअॅप मागतात आणि दुसऱ्यांदा लुडो. व्हॉट्सअॅप कुणीतरी लावून देतं. लुडोची वेळ येईपर्यंत मदत करणारा कामाला निघून गेलेला असतो. मग फोन एकामागून एक प्रश्न विचारत राहतो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जे दाबलं जातं, त्याचा त्रास दोन महिन्यांनी सुरू होतो. म्हणून एकच फोन आणि एकच खेळ धरून हा रस्ता नीट चालून पाहू. फोन अँड्रॉइडचा, खेळ ‘लुडो किंग’. तो 2016 साली आला, बनवणारी ‘गेमेशन’ ही कंपनी आपल्या नवी मुंबईतली, आणि नवख्याला खेळाचे नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत.

सुरुवात खेळापासून नाही, खात्यापासून होते. अँड्रॉइड फोनवर गूगलचं खातं उघडल्याशिवाय प्ले स्टोअर काही देत नाही, आणि पुढचं सगळं त्या खात्यालाच बांधलेलं असतं: उतरवलेले खेळ, विकत घेतलेल्या गोष्टी, अपडेट, अगदी फोन पुन्हा सुरू करून घेण्याचा हक्कसुद्धा. मोबाईलच्या दुकानात पुष्कळदा काउंटरवरचा मुलगा घाईत स्वतःच एक खातं बनवून देतो. काहीतरी नाव, त्यापुढे चार आकडे, पासवर्ड त्याच्या डोक्यात. वर्षभराने फोन अडकला आणि बटणं दाबून फॅक्टरी रीसेट करावा लागला, की फोन आधीचं खातं आणि पासवर्ड मागतो. चोरीच्या फोनसाठी केलेली ही सोय आहे. पण पासवर्ड माहीत नसलेल्या मालकालाही ती चोरासारखंच बाहेर ठेवते.

तेव्हा खातं स्वतःचं, स्वतःच्या हाताने. दुकानदाराने आधीच बनवलेलं असेल तर सेटिंग्जमधल्या ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’मध्ये जाऊन आपलं नवं जोडावं आणि जुनं काढून टाकावं. नाव, जन्मतारीख, मग @gmail.com च्या आधी लागणारा शब्द, मग किमान आठ अक्षरांचा पासवर्ड. जन्मतारीख खरी द्यावी. नातवासाठी खातं काढताना तर नक्कीच, कारण तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडूनच उघडतं आणि त्याने कोणता खेळ घ्यायचा यावर पालकाला हो-नाही म्हणता येतं. वय वाढवून लिहिलं की ही सोय गेली. नंतर मोबाईल नंबर विचारला जातो आणि त्यावर एक कोड येतो. हा नंबर रिकव्हरीसाठीही ठेवू द्यावा, कारण पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्याचा तोच सोपा मार्ग. पासवर्ड घरच्या डायरीत लिहून ठेवायला माझी काही हरकत नाही. सायबर तज्ज्ञ नाक मुरडतील, पण विसरलेल्या पासवर्डापेक्षा कपाटातली डायरी बरी.

खातं झालं की प्ले स्टोअर पैसे देण्याची पद्धत जोडायला सुचवतं: कार्ड किंवा यूपीआय. इथे ‘स्किप’ किंवा ‘नॉट नाऊ’ दाबावं. फुकट खेळ उतरवायला त्याची गरज नसते, आणि खातं पैशाशी जोडलेलंच नसेल तर चुकून बोट लागून नाणी विकत घेतली जाण्याचा प्रश्नच येत नाही. पुढे कधी जोडलंच, तर प्ले स्टोअरमध्ये ‘पर्चेस व्हेरिफिकेशन’ शोधून प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याचा पर्याय निवडावा.

आता शोध. वरच्या पट्टीत ‘ludo king’ लिहिलं की यादी येते, आणि खरी गंमत या यादीत आहे. सगळ्यात वर दिसेल तो आपला खेळ असेलच असं नाही. त्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असेल तर ती पैसे देऊन मिळवलेली जागा आहे. खाली सोंगट्या आणि मुकुट असलेली चित्रं रांगेने उभी असतात, सारखेच रंग, नावात थोडासा फरक. म्हणून चित्राकडे न पाहता खेळाच्या नावाखालची ओळ वाचावी, तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं. इथे ते गेमेशन असायला हवं. त्या पानावर किती जणांनी उतरवला ते दिसतं, खेळ किती वयापासूनच्यांसाठी आहे ते दिसतं, आणि ‘यात जाहिराती आहेत, आतून खरेदी होते’ अशी सूचनाही असते. फुकट खेळाचा खर्च तिथून निघतो, त्यात लपवालपवी काही नाही.

लुडोच्या नावाने आणखी एक प्रकार फिरतो, तो पैसे लावून खेळायचा. त्याची लिंक व्हॉट्सअॅपवर येते, ती दाबली की फाईल उतरते आणि फोन ‘अनोळखी ठिकाणचं अॅप इन्स्टॉल करायची परवानगी द्यायची का’ असं विचारतो. तिथे नाही म्हणायचं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली आहे, आणि अशा फाईलसोबत फोनमध्ये काय शिरतं ते घरबसल्या कळायला मार्ग नाही.

‘इन्स्टॉल’ दाबलं. आणि काहीच झालं नाही.

ही जागा नवख्यांना सर्वात जास्त छळते. साताऱ्याच्या माझ्या आत्याने याच टप्प्यावर फोन केला होता. “अरे, तो ‘पेंडिंग’ म्हणतोय. अर्धा तास झाला. बिघडला का रे नवीनच फोन?” फोन ठणठणीत होता. कारखान्यातून निघाल्यापासून तो महिनोन्‌महिने डब्यात बंद असतो. त्यात आधीच भरलेली अॅप्स तेवढीच शिळी झालेली असतात. खातं जोडून इंटरनेट मिळालं की प्ले स्टोअर गुपचूप त्या सगळ्यांची अपडेट सुरू करतं आणि आपला लुडो त्यांच्यामागे रांगेत उभा राहतो. मी तिला सांगितलं, “आत्या, वर उजवीकडे तुझ्या नावाचं अक्षर असलेलं गोल चिन्ह आहे ना, ते दाब. आता ‘मॅनेज अॅप्स अँड डिव्हाइस’.” तिथे ‘अपडेटिंग’ म्हणून लांबलचक यादी होती. चालू असलेली काही अपडेट तिने फुलीवर बोट ठेवून थांबवली आणि लुडोचं वर्तुळ फिरू लागलं. थांबवलेली अपडेट वाया जात नाहीत, रात्री सावकाश होतात.

‘पेंडिंग’चं दुसरं कारण असं, की डाउनलोड फक्त वाय-फायवर करायचं असं सेटिंगमध्ये ठरलेलं असतं आणि घरात वाय-फाय नसतो. मग तो खेळ वाट बघतच राहतो. त्याच गोल चिन्हाखाली सेटिंग्ज, त्यात ‘नेटवर्क प्रेफरन्सेस’, तिथे डाउनलोडसाठी ‘दर वेळी विचारा’ ठेवावं. रोजच्या दीड जीबी डेटावर चालणाऱ्या घराला हा पर्याय सगळ्यात सोयीचा. लुडोसारखा खेळ त्यात आरामात बसतो. मारामारीचे मोठे खेळ मात्र इन्स्टॉल झाल्यावर आत शिरताच पुन्हा मोठं डाउनलोड मागतात. स्टोअरच्या पानावरचा आकडा बघून त्यांचा अंदाज बांधू नये.

वर्तुळ पूर्ण झालं की बटणावर ‘ओपन’ किंवा ‘प्ले’ येतं. खेळ पहिल्यांदा उघडताना परवानग्या मागतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःला एकच विचारावं: हे याला कशाला हवं? नोटिफिकेशन नाकारलं तरी फासे पडतात, आणि ‘तुमचं बक्षीस वाट पाहतंय’ असले निरोप येत नाहीत. मायक्रोफोन फक्त खेळताना एकमेकांशी बोलायचं असेल तरच, तोही ‘अॅप वापरत असताना’ एवढाच. काँटॅक्ट्स मागितले तर नाही म्हणावं. नाही म्हटल्याने खेळ बंद पडत नाही. पुढे लागलंच तर परवानगी सेटिंग्जमधून देता येते.

मग कोण म्हणून खेळायचं, हा प्रश्न. पाहुणा, म्हणजे ‘गेस्ट’, म्हणून लगेच सुरुवात होते, पण अशा वेळी जमलेली नाणी आणि पातळी साधारणपणे त्या फोनपुरतीच असते. खेळ काढला की गेली. नियमित खेळायचं असेल तर आतल्या सेटिंग्जमधून खातं जोडून घ्यावं. पहिला डाव मात्र ‘कॉम्प्युटर’शी खेळावा. त्याला इंटरनेट लागत नाही आणि घाईही नसते. एकाच फोनवर आळीपाळीने खेळायचा ‘पास अँड प्ले’ही नेटशिवाय चालतो. दूरच्या नातवंडांशी खेळायला ‘प्ले विथ फ्रेंड्स’ आहे: एकाने रूम काढायची, आलेला कोड बाकीच्यांना पाठवायचा.

काही आठवडे जातात आणि एक दिवस तो कोड चालेनासा होतो. भाचीच्या फोनवर नवी आवृत्ती, आत्याच्या फोनवर जुनी. पहिल्या अपडेटशी गाठ पडते ती बहुधा अशी. आपोआप अपडेट व्हायला फोन सहसा वाय-फायवर, चार्जिंगला आणि न वापरता पडलेला असावा लागतो, आणि तो खेळ उघडा नसावा लागतो. ज्या घरात फक्त मोबाईल डेटा आहे, तिथे हे सगळं कधीच जुळून येत नाही. तिथे अपडेट हाताने करायचं: प्ले स्टोअर उघडून खेळाच्या पानावर जायचं. नवी आवृत्ती असेल तर तिथे ‘अपडेट’ दिसतं, नसेल तर ‘प्ले’. कधी कधी शेजारणीला मिळालेलं अपडेट आपल्याला दिसत नाही, कारण बनवणारे नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना देतात, गडबड नाही ना हे बघतात आणि मग सगळ्यांना सोडतात. एक-दोन दिवस थांबावं.

अपडेट फक्त तिथूनच करावं. खेळाच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातीत ‘तुमचं अॅप जुनं झालंय, लगेच अपडेट करा’ असं लाल बटण येतं, ते भलतंच काही उतरवायला लावतं. खऱ्या अपडेटला बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आधीच्या खेळावर जी सही आहे तीच नव्यावर असेल तरच फोन एकावर दुसरं बसू देतो, आणि म्हणूनच अपडेटनंतर नाणी, नाव, पातळी जागच्या जागी राहते. काढून पुन्हा टाकायची गरज नाही.

जागा कमी म्हणून अपडेट अडलं, तर आधी व्हॉट्सअॅपवरचे शुभसकाळचे व्हिडिओ काढावेत. त्यानेही भागलं नाही, तर सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीत लुडो उघडून ‘क्लिअर कॅशे’ दाबावं. त्याच्याच शेजारी ‘क्लिअर स्टोरेज’ असं बटण असतं, काही फोनवर ‘क्लिअर डेटा’. त्याला हात लावू नये. गेस्ट म्हणून खेळणाऱ्याचं सगळं त्या एका बोटाने पुसलं जातं.