अ‍ॅपला आपली ओळख करून द्या : मोठेपणी बुद्धिबळ शिकताना

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. ती बातमी ऐकून परतूरला दिलेली माझी नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, अप्पा आपल्याला पट मांडायला बसवायचे, आठवतं का? मला परत शिकायचंय." तिनं मोबाइलवर शिकायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत पुन्हा फोन आला, "वहिनी, माझं डोकं चालत नाही हो. दहा कोडी घातली, नऊ चुकली. बंद करते."

तिचं डोकं चांगलं चालतं, बचत गटाचा हिशोब तीच ठेवते. मग चुकलं कुठे, ते आज सांगते.

आम्ही वापरतो ते लिचेस. फोनच्या ब्राउझरमध्ये lichess.org असं टाइप केलं की उघडतं, वेगळं अ‍ॅप घ्यायलाच हवं असं नाही. ते फ्रान्समधली एक संस्था देणग्यांवर चालवते, त्यामुळे पैसे नाहीत आणि जाहिरातीही नाहीत. चेस डॉट कॉम हे दुसरं मोठं नाव. तेही चांगलं आहे, पण तिथे फुकटात रोज मोजकीच कोडी मिळतात.

लिचेसवर नवीन खातं उघडलं की प्रत्येकीला कोड्यांसाठी १५०० गुण दिलेले असतात. पाटी-पेन्सिल घेऊन आलेल्या मुलीला एकदम सातवीच्या वर्गात बसवावं, तसं हे आहे. अ‍ॅप तुम्हाला ओळखत नाही, म्हणून मधल्या पायरीवर उभं करतं. कोडी चुकत गेली की गुण उतरतात आणि कोडी सोपी होतात, पण तोवर माणूस कंटाळून उठून जातो. माझ्या नणंदेचं तेच झालं.

यावर उपाय असा. आधी Learn मध्ये Chess basics उघडा. इथे खातं लागत नाही. एकेक सोंगटी घेऊन पटावरच्या चांदण्या गोळा करायच्या, म्हणजे चाल हाताला बसते. घरात देशी पद्धतीनं खेळलेल्यांनी हे टाळू नये. आमच्या अप्पांच्या डावात प्यादं एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. इथे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजाला घोड्याची चाल नाही, त्याऐवजी राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. जुनी चाल अ‍ॅप घेत नाही, आणि आपल्याला वाटतं फोनच बिघडला. नावंही लक्षात ठेवा. वजिराला तिथे Queen म्हणतात, हत्तीला Rook, उंटाला Bishop.

मग कोडी. Puzzles मध्ये Puzzle Themes उघडून Mate in 1 निवडा, म्हणजे एका चालीत मात. खात्यात शिरलेल्या असाल तर पटाजवळ Difficulty level दिसेल. तिथे Normal च्या जागी Easiest करा. एवढ्या दोन बदलांनी अ‍ॅप तुमच्या पायरीवर येतं.

कोडं सुटलं की पळत पुढच्यावर जाऊ नका. आता एक उदाहरण घेऊ, कागदावर पट काढून बघा. काळा राजा g8 या घरात आहे. त्याच्या पुढ्यात f7, g7, h7 वर त्याचीच तीन प्यादी. आपला पांढरा हत्ती e1 वर, आणि ती उभी रांग पूर्ण मोकळी. हत्ती सरळ e8 वर नेला की शह बसतो. मात झाली का, हे तीन प्रश्नांनी ठरतं. राजाला पळायला घर आहे का? नाही, पुढे स्वतःचीच प्यादी आहेत, आणि बाजूची घरं हत्तीच्या रांगेत. मध्ये कुणी आडवं येऊ शकतं का? नाही. आपला हत्ती कुणी मारू शकतं का? नाही. म्हणजे मात.

आता त्याच पटावर काळ्याचा एक हत्ती b8 वर ठेवा. आपण e8 वर गेलो की तो सरळ चालत येऊन आपला हत्ती मारतो. चाल तीच, पण मात तर नाहीच, उलट हत्ती गेला. नणंदेच्या नऊ चुकांपैकी बऱ्याच अशा होत्या. शह दिसला की बोट टेकायचं, तिसरा प्रश्न विचारायचाच नाही.

आता डाव. अनोळखी माणसाशी पाच मिनिटांचा डाव नवख्या बाईनं खेळू नये. चुलीवरचं दूध उतू गेलं आणि उठलं, तर घड्याळ थांबत नाही. त्यापेक्षा Play मध्ये Challenge a friend निवडा. वेळेच्या जागी Correspondence घ्या आणि एका चालीला तीन दिवस द्या. Rated नको, Casual ठेवा, म्हणजे गुण जात नाहीत. येणारी लिंक मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. खातं दोघींचंही हवं. मग ती सकाळी चाल करेल, तुम्ही रात्री भांडी झाल्यावर. पूर्वी लोक पोस्टकार्डावर असंच खेळायचे.

यात दोन गोष्टी सांभाळा. अशा डावात सोंगटी हलवली की हिरवी बरोबरची खूण येते. ती दाबली तरच चाल जाते. माझ्या नणंदेनं एकदा ती न दाबताच फोन ठेवला. मी तिची वाट बघतेय, ती माझी, आणि तीन दिवसांनी ती वेळेवर हरली. दुसरं, लहान पडद्यावर बोट चुकीच्या घरावर पडतं. मैत्रीच्या डावात चाल परत मागता येते, समोरचीनं हो म्हटलं की झालं. आम्ही ठरवलंय, एका डावात एकदाच.

अनोळखी माणसांचे निरोप नको असतील तर आपल्या खात्यात Kid mode चालू करा. नाव मुलांचं असलं तरी मोठ्यांनाही चालतं. निरोप आणि गप्पा बंद होतात, खेळ सुरू राहतो. आणि खात्याला स्वतःचं पूर्ण नाव किंवा फोन नंबर देऊ नका, टोपणनाव पुरे.

नणंदेनं बदल केले त्याला दोन महिने झाले. आता ती रोज दहा कोडी घालते आणि सात-आठ सुटतात. आमचा तिसरा डाव चालू आहे आणि माझा वजीर अडकलाय.

जाता जाता एक कोडं तुमच्या गटासाठी. वरचाच पहिला पट मांडा, काळ्याचा हत्ती काढून टाका, आणि h7 चं प्यादं एक घर पुढे h6 वर सरकवा. आता हत्ती e8 वर नेला तर मात होते का? तिन्ही प्रश्न विचारून बघा, उत्तर पहिल्याच प्रश्नात सापडेल.