मुरूम की काळा पाषाण?

पायाच्या खोदाईचं टेंडर २० लाखांना भरायचं आहे. खाली मुरूम लागला तर खर्च १५ लाख, म्हणजे नफा ५ लाख. कठीण पाषाण लागला तर खर्च २४ लाख, तोटा ४ लाख. भरावं का?

कागदावर फांद्या काढा आणि हिशेब शेवटच्या टोकाकडून मागे आणा. आजूबाजूच्या विहिरी पाहून मुरुमाची शक्यता ६० टक्के धरली, तर काम मिळाल्यावर अपेक्षित नफा ३ लाख वजा १ लाख ६० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार. काम मिळण्याची शक्यता ४० टक्के. उरले ५६ हजार. त्यातून टेंडरचा फॉर्म, पाहणी यांचे परत न मिळणारे २० हजार वजा करा. (अनामत यात धरू नका, काम न मिळाल्यास ती परत येते.) राहिले ३६ हजार. म्हणजे भरावं.

पण पाषाणाची शक्यता ५० टक्के धरली की हीच रक्कम शून्यावर येते. शिवाय इतरांनी पाषाण ओळखून दर चढे लावले असतील, तर काम नेमकं तुमच्याच गळ्यात पडतं. आणि ३६ हजार ही सरासरी आहे. एका कामात ४ लाखांचा फटका सोसणार नसेल, तर टेंडर भरू नका.